हातून झालेली चूक

रात्री पावणेबाराला लॅपटॉप उघडला आणि मेलच्या विषयाच्या ओळीतच अडले. आधी ‘आजची केस’ लिहिलं. मग ‘आजची’ खोडलं, कारण तो वाचेल तेव्हा दुसरा दिवस उजाडलेला असणार. नुसतं ‘केस’ उरलं. एवढ्यात दहा मिनिटं गेली. पुढचं लिहायचं मी टाळत होते, दुसरं काय.

मेल माझ्या युनिटमधल्या तिसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला लिहायचा होता. त्या दिवशी पित्ताशयाचं दुर्बिणीचं ऑपरेशन करताना त्याच्या हातून मुख्य पित्तनलिकेला चीर गेली होती. पुढच्या भिंतीला, साधारण चार मिलिमीटरची. संध्याकाळच्या राउंडला तो होता, सगळी ड्रेसिंग्ज त्यानेच केली, पण कोणाशी बोलला नाही. साडेनऊला त्याचा मेसेज आला: ‘सॉरी मॅडम. मला वाटतं सर्जरी माझं काम नाही.’

फोन करता आला असता. पण बोलताना मी सावरासावर करते, हे मला माहीत आहे. समोरचा रडवेला झाला की ‘अरे, होतं असं’ हे शब्द जिभेवर तयारच असतात. आणि चिडून बोलले असते, तर त्यातला एखादा शब्द त्याने जन्मभर सांभाळून ठेवला असता. मी ठेवलाय एक, तो पुढे सांगते. लिहिताना खोडता येतं, एवढीच सोय.

(त्याला आणि पेशंटला विचारून, ओळख लागेल असे तपशील बदलून हे लिहिते आहे.)

आधी केस सांगते. पन्नाशीच्या बाई. पोटात उजवीकडे, बरगडीखाली दुखत होतं. मराठीत ‘पित्त’ हा शब्द फार घात करतो. पित्ताशयात खडा अडकून कळा येत असल्या तरी माणूस म्हणतो, पित्त झालंय. आणि थंड दूध, कोकम सरबत, ॲसिडिटीची गोळी यांवर दिवस काढतो. बाईंनी असेच पाच दिवस काढले. आमच्याकडे आल्या तेव्हा अंगात ताप होता, सोनोग्राफीत पित्ताशयाची भिंत जाड दिसत होती आणि त्याच्या मानेजवळ बोराएवढा खडा घट्ट रुतून बसला होता. ऑपरेशन सहाव्या दिवशी झालं. पहिल्या दोन-तीन दिवसांत सूज पाणीदार असते, थर हलक्या हाताने सुटतात. पुढे ती चिवट होत जाते. सगळं एकमेकांना चिकटतं, आणि बोट लावाल तिथून रक्त येतं.

पित्ताशय म्हणजे यकृताच्या खालच्या बाजूला चिकटलेली, छोट्या लांबट वांग्याच्या आकाराची पिशवी. तिच्या देठातून एक बारीक नळी निघते. ती सिस्टिक डक्ट, दोन-तीन मिलिमीटर जाडीची. ती जाऊन मिळते मुख्य पित्तनलिकेला, म्हणजे आमच्या भाषेत कॉमन डक्टला. ही साधारण सहा मिलिमीटरची आणि यकृतातलं सगळं पित्त आतड्यात नेणारी. ऑपरेशनमध्ये बारीक नळी आणि पित्ताशयाची रक्तवाहिनी क्लिप लावून कापायच्या, जाड नळीला हात लावायचा नाही. पुस्तकातल्या चित्रात हे शाळेतल्या मुलालाही कळेल, कारण चित्रात जाड नळी हिरवी, रक्तवाहिनी लाल आणि मधली जागा पांढरी असते. सहाव्या दिवशीच्या पोटात पांढरी जागा नसते. सगळं एकाच रंगाचं वाटण असतं.

त्याने सुरुवात चांगली केली. फुगलेल्या पित्ताशयात सुई घालून आतलं पाणी काढलं. गढूळ, पांढरट पाणी निघालं, म्हणजे खड्याने तोंड पक्कं बंद केलं होतं आणि पित्त आत येतच नव्हतं. मग पित्ताशयाची मान चिमट्यात धरली आणि खालची चरबी बाजूला करत एक नळी मोकळी केली. मी त्याच्या शेजारी, हात धुऊन, स्क्रीनकडे बघत उभी होते. नळी दिसली तेव्हा मी म्हणाले, “छान. पुढे.”

त्याने क्लिप मागितली. क्लिपची दोन टोकं नळीच्या पलीकडे दिसली पाहिजेत, ती दिसेनात. क्लिप पुरी पडत नव्हती. तो म्हणाला, “सूज आहे मॅडम, नळी जाड झालीये.” सिस्टरला मोठी क्लिप आणायला सांगितली आणि ती येईपर्यंत नळीभोवतालचा थर कात्रीने पातळ करायला लागला. दोन मिनिटांत कात्रीच्या टोकापाशी पिवळाधमक थेंब आला.

तिथे तो थांबला. कात्री बाहेर काढली आणि म्हणाला, “मॅडम, हे पित्त फार स्वच्छ आहे. मी चुकीच्या नळीवर आहे.”

पुढचं थोडक्यात सांगते. पित्तमार्गाच्या शस्त्रक्रियाच करणारे एक सहकारी आहेत, त्यांना फोन केला. ते येईपर्यंत पन्नास मिनिटं गेली. पोट धुतलं, पित्त ओढून घेतलं आणि वाट बघितली. एवढी चीर मला शिवता आली नसती असं नाही. पण अशा नळीची पहिली शिवण हीच सगळ्यात चांगली संधी असते. ती फसली तर दुसऱ्या वेळी त्याच जागी व्रण असतो आणि नळी आकसलेली असते. रोज हेच करणाऱ्या माणसाच्या हाती ती संधी जायला हवी. त्यांनी पोट उघडलं, नळीत औषध सोडून एक्स-रेवर बाकीचा मार्ग शाबूत असल्याची खात्री केली, चीर बारीक विरघळणाऱ्या धाग्याने शिवली आणि शेजारी वेगळ्या छिद्रातून इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची रबरी नळी बसवली. पित्ताशय काढलं. दुर्बिणीच्या चार भोकांवर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी जाणाऱ्या बाई बरगडीखाली लांब टाका आणि कमरेला पित्ताची पिशवी घेऊन वॉर्डात आल्या.

नातेवाइकांशी बोलायला मी त्याला बरोबर घेऊन गेले. बाईंच्या मुलाने सरळ विचारलं, “कापली कोणी?” मी म्हटलं, “ऑपरेशन माझ्या युनिटचं, मी टेबलाशी होते. जबाबदारी माझी.” मुलगा माझ्याकडे बघत नव्हता, त्याच्याकडे बघत होता. तेव्हा तो म्हणाला, “कात्री माझ्या हातात होती.” हे मी त्याला सांगायला सांगितलं नव्हतं.

मग त्याने ऑपरेशनची नोंद लिहून माझ्याकडे सहीला आणली. नोंदी आम्ही इंग्रजीत लिहितो. नळीला इजा ‘आढळली’, असं तिथे लिहिलं होतं. जणू ती चीर आधीपासून तिथे होती आणि आम्ही ती शोधून काढली! हे त्याचं एकट्याचं नाही, सगळ्या सर्जनना असंच लिहायची सवय असते. मी ती परत दिली आणि क्लिपपासून क्रमाने पुन्हा लिहायला सांगितली.

रात्री मेल लिहायच्या आधी रेकॉर्डिंग तीनदा बघितलं. दुर्बिणीच्या ऑपरेशनचं हे एक बरं असतं आणि एक भयंकर: सगळं पुन्हा बघता येतं. यकृताच्या उजव्या भागाच्या खालच्या अंगाला एक आडवी खाच असते, रुव्हिएर नावाच्या फ्रेंच शरीररचनातज्ज्ञाच्या नावाने ओळखली जाते. बहुतेकांत ती असते, आणि सूज कितीही असली तरी ती जागा सोडत नाही. त्या खाचेपासून डावीकडे मनाने एक रेघ ओढायची आणि जे काही कापायचं ते रेघेच्या वर. खाली गेलात की मुख्य नळीच्या हद्दीत शिरलात. व्हिडिओत एकोणिसाव्या मिनिटाला ती खाच चार-पाच सेकंद स्पष्ट दिसते. मग कॅमेरा जवळ जातो आणि ती पडद्याबाहेर जाते, ती पुन्हा आलीच नाही. एकतिसाव्या मिनिटाला त्याचा डावा हात पित्ताशयाची मान वर ओढताना दिसतो. ती ओढायची असते बाहेर आणि खाली, म्हणजे दोन नळ्यांमधला कोन उघडतो. वर ओढली की कोन मिटतो, बारीक नळी आणि जाड नळी एका रेषेत येतात आणि पित्ताशयातून एकच लांब नळी निघाल्यासारखी दिसते. एकदा ती तशी दिसली की मग सिस्टिक डक्ट म्हणूनच दिसते. डोळा परत शंका घेत नाही.

सॅन फ्रान्सिस्कोच्या लॉरेन्स वे या सर्जनने २००३ साली पित्तनलिकेच्या अशा २५२ इजांचं विश्लेषण प्रसिद्ध केलं. त्यातल्या ९७ टक्के इजांच्या मुळाशी दृष्टिभ्रम होता. सर्जनला जे कापायचं होतं तेच त्याने नीट कापलं होतं, फक्त ते दुसरंच काही होतं. हात कमी पडल्यामुळे झालेल्या चुका तीन टक्के. हा निबंध मी दरवर्षी रेसिडेंटना वाचायला देते. स्क्रीनसमोर उभी असताना तो मलाही आठवला नाही.

आपण म्हणतो, ‘हातून चूक झाली’. मराठीत चुकांचं सगळं खातं हाताच्या नावावर आहे. ‘माझ्या हातून झालं’ यात करणारा मी आहे, पण ठरवून केलेलं नाही, हे दोन्ही एका दमात सांगता येतं, आणि मला ही रचना फार आवडते. पण या केसमध्ये ती खोटी पडते. हात बिचारा बरोबर चालला होता.

पहिला मसुदा मी लिहिला तो सगळा मायेचा होता. असं कोणाच्याही बाबतीत होऊ शकतं, मन खचू देऊ नकोस, तू हुशार आहेस. वाचून बघितला आणि मलाच त्याचा राग आला. त्याने मला काही विचारलं होतं. मी त्याच्या पाठीवर थोपटून त्याला खोलीबाहेर काढत होते. शिवाय तो मूर्ख नाही. ‘कोणाच्याही बाबतीत होऊ शकतं’ हे वाक्य बाईंना जाऊन सांगता येणार नाही, तर ते त्यालाही सांगायला नको.

दुसरा मसुदा माझ्या सरांच्या आवाजात उतरला. मी शिकले १९९० च्या दशकात. १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. उडवाडिया यांनी भारतातलं पित्ताशयाचं पहिलं दुर्बिणीचं ऑपरेशन केलं होतं, पण आमच्या कॉलेजात ते यायला वेळ होता. आम्ही पोट उघडूनच शिकलो. नळी बोटांच्या चिमटीत धरून तिची जाडी कळायची. आमचे सर ऑपरेशनला अप्रतिम होते आणि तोंडाने भयंकर. एकदा माझी गाठ सैल बसली तेव्हा सगळ्या ओटीसमोर म्हणाले, “या हातात लाटणंच शोभेल.” त्याच आठवड्यात रात्री मी केलेल्या अपेंडिक्सच्या पेशंटची नाडी वाढायला लागली. १००, ११०, १२०. आत रक्तस्राव होतोय हे मला पहिल्या दहा मिनिटांत कळलं होतं. सरांना फोन करायला मी चाळीस मिनिटं घेतली. पेशंट वाचला, पण ती चाळीस मिनिटं मी कुठल्याच नोंदीत लिहिली नाहीत.

चार्ल्स बॉस्क नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात एका शिक्षण-रुग्णालयात सर्जनांबरोबर राहून त्यांचं निरीक्षण केलं. त्याला दिसलं ते असं, की वरिष्ठ सर्जन चुकांची दोन खाती ठेवतात. तंत्रातली चूक माफ होते, लक्षात मात्र ठेवली जाते. वागण्यातली चूक, म्हणजे लपवणं, उशिरा सांगणं, पेशंटकडे न जाणं, ती माफ होत नाही. माझ्या सरांनी माझ्या गाठीला दुसऱ्या खात्यातली शिक्षा दिली, आणि मग मी खरोखरच दुसऱ्या खात्यातली चूक केली. हा हिशेब मला कळायला वीस वर्षं लागली.

तिसरा मसुदा पाठवला. त्यातला महत्त्वाचा भाग असा:

“अरे,

तुझ्या मेसेजचं उत्तर शेवटी देते. आधी काय झालं ते लिहिते. तुला ते माहीत आहे, पण ते आपण दोघांनी एकाच शब्दांत बोलायला हवं.

आज तू कॉमन डक्ट कापलीस. ‘कापली गेली’ असं लिहून मी खोडलं. बाईंच्या मुलासमोर तू स्वतःच ते वाक्य सरळ बोललास, तर मीही सरळ लिहिते.

ती कापलीस तेव्हा तुझा हात थरथरत नव्हता, घाई नव्हती, रक्त नव्हतं. म्हणून ‘मला हात नाही’ या निष्कर्षावर जाऊ नकोस, तो चुकीचा आहे आणि सोयीचाही आहे. हात नसेल तर माणूस दुसरं काम शोधतो आणि प्रश्न मिटतो. तुझं चुकलं ते असं, की नळी ओळखायच्या आधी तू तिला नाव दिलंस. स्ट्रासबर्गच्या तीन अटी तू गेल्या महिन्यात पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवल्यास, मी दारात उभी राहून ऐकलं होतं. यकृत आणि नळ्यांमधला त्रिकोण चरबीपासून पूर्ण साफ. पित्ताशयाचा खालचा एक तृतीयांश भाग यकृतापासून सुटलेला. आणि पित्ताशयात जाणाऱ्या फक्त दोन गोष्टी, तिसरी नाही. आज यातली एकही पुरी झाली नव्हती आणि तू क्लिप मागितलीस. हे मला तुला माफ करता येतं, पण ‘केस अवघड होती’ म्हणून सोडून देता येत नाही. केस अवघड होती म्हणूनच त्या अटी आहेत. सोप्या पोटात त्या न पाळताही निभतं.

क्लिप पुरी पडली नाही, तो दुसरा क्षण. बाईंची नळी तुला सांगत होती की मी सिस्टिक डक्ट नाही. तू तिला समजावलंस की तू सुजली आहेस. पुरावा उलटा आला की माणूस पुराव्यालाच समजावतो, आणि मोठी क्लिप मागवतो. यापुढे क्लिप लहान पडली तर क्लिप बदलायची नाही. हात बाहेर काढायचे, कॅमेरा मागे घ्यायचा, ती खाच शोधायची आणि मान बाहेर-खाली ओढून पुन्हा बघायचं. तरीही दिसलं नाही तर मोठ्याने म्हणायचं, ‘मला दिसत नाही.’ तिथून आपण दोघं मिळून मागे फिरू. पित्ताशय उघडून खडा काढायचा, मागची भिंत यकृतालाच राहू द्यायची, खालच्या नळ्यांना हातच लावायचा नाही, ड्रेन ठेवून बाहेर यायचं. अर्धं ऑपरेशन केलं म्हणून कोणी हसणार नाही. हसलं तर माझ्याकडे पाठव.

मी तुझ्या शेजारी होते. मलाही ती सिस्टिक डक्टच वाटली आणि मी ‘छान, पुढे’ म्हणाले. म्हणजे चुकीच्या नळीवर दोन सर्जन होते. तुझा वाटा त्याने कमी होत नाही, माझा फक्त त्यात मिळतो. सोमवारच्या मीटिंगमध्ये केस मी मांडणार, तू प्रश्नांना उत्तरं दे.

आता थेंब आल्यानंतरचं. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. पित्त दिसल्यावर तू क्लिप मारली नाहीस. मारली असतीस तर चार मिलिमीटरच्या चिरेपायी आख्खी नळी बंद झाली असती. कॉटरी लावली नाहीस. लावली असतीस तर जळालेल्या कडा शिवून उपयोग नसता, नळी आतड्याला जोडावी लागली असती. आणि गप्प बसला नाहीस. पित्ताशयातून पांढरं पाणी आलं होतं, मग इथे पिवळं पित्त कुठून, हे तू त्या घाबरलेल्या अवस्थेत जोडलंस आणि मोठ्याने बोललास. बाई चौथ्या दिवशी पोट फुगून, पिवळ्या होऊन परत आल्या असत्या, त्याऐवजी आजच त्यांची नळी शिवली गेली. ती शिवली दुसऱ्यांनी, पण शिवण्याजोगी तू ठेवलीस.

बाईंचं पुढे काय, हे मला तुला गोड करून सांगता येणार नाही. साधारण तीन आठवड्यांनी नळीतून औषध सोडून फोटो काढू, चांगला आला तर नळी निघेल. पण शिवलेली जागा आकसू शकते, महिन्यांनी, कधी वर्षांनीही. आधी रक्तातलं अल्कलाइन फॉस्फटेज वाढेल, मग अंगाला खाज सुटेल, मग कावीळ. त्यामुळे त्यांच्या तपासण्यांची वही तुझ्याकडे. तू पास होऊन इथून जाशील तेव्हा ती मला आणून दे, आणि फोन करून विचारत राहा.

रोज सकाळी पिशवीतलं पित्त तू स्वतः मोजायचं आहेस. इंटर्नला पाठवायचं नाही. त्या काही बोलल्या तर ऐकून घे. नाही बोलल्या तरी पाच मिनिटं बस.

तुझ्या मेसेजबद्दल. सर्जरी तुझं काम आहे की नाही हे मी आज ठरवणार नाही, तूही आज रात्री ठरवू नकोस. गुरुवारी लिस्टवर एक पित्ताशय आहे, साधं, सूज नसलेलं. ते तू करायचं आहेस. मी समोर असेन. क्लिप मागण्याआधी तीन अटी एकेक करून मोठ्याने म्हणायच्या, आणि मी तिन्हींना ‘हो’ म्हटल्याशिवाय सिस्टर क्लिप देणार नाहीत. सिस्टरशी बोलले आहे.

जेवला नाहीस असं कळलं. मेसमध्ये आता काही नसेल. कॅन्टीनवाल्या मामांकडे ऑम्लेट-पाव मिळतं.”

पाठवल्यावर पुन्हा वाचला आणि दोन-तीन ठिकाणी खटकलं. ‘पुराव्यालाच समजावतो’ हे वाक्य जरा जास्तच जुळवलेलं आहे. माझ्या अपेंडिक्सच्या पेशंटची गोष्ट मेलमध्ये होती, ती शेवटच्या घटकेला काढून टाकली. का काढली, तर वरिष्ठांनी आपली जुनी चूक सांगितली की ऐकणाऱ्याला त्यांचं सांत्वन करावं लागतं, आणि त्या रात्री ते काम त्याच्यावर टाकायचं नव्हतं. निदान तेव्हा मी स्वतःला असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला वॉर्डात गेले तर तो बाईंच्या कॉटशेजारी स्टुलावर बसून पिशवीतलं पित्त मापात ओतत होता. ३२० मिली. आकडा चार्टवर लिहिला. बाई म्हणाल्या, “पिशवी कधी निघणार?” तो म्हणाला, “तीन आठवडे, मावशी. फोटो चांगला आला तर.” ‘चांगला आला तर’ हे त्याने गाळलं नाही. माझ्याशी ‘गुड मॉर्निंग मॅडम’ एवढंच बोलला आणि पुढच्या कॉटकडे गेला. मेलचं नाव नाही.

उत्तर दुपारी आलं. ओपीडी संपवून जेवायला बसले होते. मी लांबलचक काही येईल म्हणून डबा बाजूला ठेवला. दोनच ओळी होत्या.

‘मॅडम, गुरुवारी येतो. एक विचारायचं होतं. क्लिप पुरी पडली नाही तेव्हा तुमच्या मनात काही आलं होतं का?’

मेलमध्ये मी लिहिलं होतं की मलाही ती सिस्टिक डक्टच वाटली. ते खरं होतं, क्लिपच्या आधीपर्यंत. क्लिपची टोकं दिसेनात तेव्हा मला कसंसं झालं होतं. दोन-तीन सेकंद. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे लक्ष गेलं. लिस्टवर अजून तीन पेशंट उपाशी होते आणि त्यातले एक आजोबा डायबेटिसचे. तेवढ्यात सिस्टर मोठी क्लिप आणायला वळल्या आणि माझं ते कसंसं विरून गेलं. मेल लिहिताना मला ते आठवत होतं. तीन मसुद्यांत एकदाही ते शब्दांत आलं नाही, आणि त्याचा व्हिडिओ तीनदा बघून मी मिनिटांसकट चुका काढल्या होत्या.

डबा तसाच राहिला. फोनवरच उत्तर लिहिलं:

‘हो. आलं होतं. बोलले नाही. सोमवारच्या मीटिंगमध्ये हेही सांगते.’